पाढा असो की ताल: मुलांच्या नृत्य-संगीत क्लासची टॅगलाइन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लास चालवणाऱ्या ताई, सर आणि त्यांच्यासाठी पाट्या-पत्रकं बनवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे: आईवडिलांना नाच-गाणं म्हणजे अभ्यासातला अडथळा वाटतो, आणि त्यांच्यासाठी ओळ लिहायची आहे. घाई असेल तर प्रश्न 5 आधी वाचा. त्यात एक ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवून दाखवली आहे आणि बाकीची बरीच उत्तरं तिचाच आधार घेतात.

1. टॅगलाइन आणि ब्रीदवाक्य एकच ना? आमच्या क्लासला संस्कृत ब्रीदवाक्य आहे, तेवढं पुरेल का?

एकच नाही. ब्रीदवाक्य क्लासच्या आतल्या माणसांसाठी असतं. ते प्रमाणपत्रावर, गुरुपौर्णिमेच्या पत्रिकेवर शोभतं आणि वर्षानुवर्षं बदलत नाही. टॅगलाइन बाहेरच्या माणसासाठी असते, म्हणजे जो अजून आत आलेला नाही, कदाचित येणारही नाही, त्याच्यासाठी. संस्कृत ब्रीदवाक्य जरूर ठेवा, पण मुलाला शाळेतून आणताना दोन मिनिटं सिग्नलला थांबलेल्या वडिलांना ते काही सांगत नाही. पाटीवर नावाखाली एकाच ओळीला जागा असेल, तर ती टॅगलाइनला द्या.

2. कलेला वेळ वाया घालवणं मानणारे पालक एका ओळीने बदलतील का?

मत बदलणार नाही. ओळीकडून तेवढी अपेक्षाही करू नका. तिचं काम इतकंच, की "हे आपल्यासाठी नाही" असं म्हणून पुढे जाणारा माणूस चौकशीपुरता थांबावा. पुढचं काम चौकशीला आल्यावर तुम्ही काय बोलता, पहिल्या चाचणी वर्गात काय दिसतं आणि वेळापत्रक कसं आहे, यावर ठरतं (प्रश्न 9). ओळ जर आल्याआल्या पालकाशी वाद घालू लागली, तर तो थांबतच नाही. आपण मुलाचं भलं बघतोय अशी त्याची खात्री असते आणि त्याच्या जागी ती बरोबरही असते. त्यामुळे त्याच्या बाजूला उभी राहून बोलणारी ओळच चालते.

3. पालकांचा नेमका आक्षेप काय आहे, हे शोधायचं कसं? सगळे "बघतो, कळवतो" म्हणून जातात.

चौकशीच्या वहीत नाव, फोन आणि मुलाचं वय लिहिता, तसा चौथा रकाना आखा आणि त्यात पालकाचं वाक्य जसंच्या तसं लिहा. "अभ्यासाची काळजी" असा सारांश नको. "आधीच पुस्तक हातात धरत नाही, त्यात हे" असं त्याच्या तोंडचं हवं. फोनवर विचारायचा प्रश्नही साधा ठेवा: "घरात कुणाची ना आहे का? काय म्हणतात ते?" स्वतःचा आक्षेप सांगायला माणूस संकोचतो, पण "यांचं म्हणणं असं आहे की..." म्हणून तोच आक्षेप मोकळेपणाने सांगतो.

अशी 30 ते 40 वाक्यं जमली की त्यांचे गठ्ठे पडतात. सहसा चार: अभ्यास बुडेल, वेळच नाही, दहावीला सोडायचंच आहे तर सुरू कशाला, पुढे उपयोग काय. टॅगलाइन यातल्या एकाच गठ्ठ्याला उत्तर देते. चारही आक्षेपांना पुरं पडायला गेलेली ओळ लांबते आणि तिचा काही अर्थ उरत नाही. सगळ्यात मोठा गठ्ठा घ्या. बाकी तिघांसाठी पत्रकाची मागची बाजू आहे.

4. "सुप्त कलागुणांना वाव", "सर्वांगीण विकास", "घडवूया उद्याचे कलाकार" यात वाईट काय आहे?

पहिली दोन इतकी वापरून झाली आहेत की डोळा त्यांच्यावर ठरतच नाही. पाळणाघरापासून स्केटिंगच्या क्लासपर्यंत सगळीकडे तीच. तिसरी मात्र नुकसान करते. "उद्याचे कलाकार" हीच तर त्या पालकाची भीती आहे! मुलीने विज्ञान शाखा सोडून नाचत बसावं, हे त्याचं रात्रीचं दुःस्वप्न तुम्ही पाटीवर लिहून ठेवलंत.

नकारातून लिहिलेल्या ओळीही अशाच उलटतात. "कला म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे" हे वाचल्यावर डोक्यात राहतात ते शब्द "वेळेचा अपव्यय". आणि "फक्त मार्क म्हणजे आयुष्य नाही" ही ओळ पालकाला टोमणा वाटते. ज्याने ट्यूशनची फी भरून घर चालवायचं आहे, त्याला हा उपदेश रुचत नाही.

5. मग ओळ प्रत्यक्षात बनवायची कशी? एक उदाहरण पूर्ण करून दाखवा.

समजा, ठाण्यातल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर क्लास आहे. कथक, गायन आणि तबला शिकवतात. मुलं 6 ते 14 वयाची, आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास. वहीत 40 वाक्यं जमली. त्यातली 17 "अभ्यास बुडेल" या गठ्ठ्यातली, वेळेची 9, दहावीची 8, उपयोगाची 6. म्हणजे ओळ अभ्यासाच्या भीतीला उद्देशून लिहायची.

आता त्या 17 वाक्यांकडे जवळून बघायचं. त्यांत तास वाया जाण्याची तक्रार फारशी नाही. "एकदा नाचात लक्ष गेलं की पुस्तकात लागत नाही", "तिथे मजा असते, इथे बसायला नको", अशी ती वाक्यं आहेत. पालकाच्या मनातलं चित्र असं: क्लास म्हणजे मजा आणि अभ्यास म्हणजे कष्ट, आणि मजेची सवय लागली की कष्ट नकोसे होतात. हे चित्र चुकीचं आहे हे शिकवणाऱ्याला माहीत असतं, पण पालकाने क्लास आतून पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेलं असतं ते स्नेहसंमेलन, म्हणजे कपडे, दिवे आणि टाळ्या.

म्हणून पुढची पायरी अशी, की क्लासमध्ये रोज चालणारी आणि अभ्यासासारखी दिसणारी गोष्ट शोधायची. कथकात सुरुवातीचे महिने तत्कार चालतो: ता थेई थेई तत, आ थेई थेई तत, आधी ठाय लयीत, मग दुगुण, मग चौगुण. गायनात सारेग, रेगम, गमप असे पलटे. तबल्याला हात लावण्याआधी हातावर ताल धरून पढंत: तीनतालाच्या 16 मात्रा, टाळ्या 1, 5 आणि 13 वर, आणि खाली, म्हणजे टाळी न देता मोकळी सोडायची मात्रा, 9 वर. एक मूल खालीला चुकून टाळी देतं, सर थांबवतात, पुन्हा पहिल्या मात्रेपासून. हे दृश्य पाहिलेल्या कुठल्याही मराठी पालकाला लहानपणचे पाढे आठवतील. दोन्हीकडे शब्दही एकच आहे: घोटणे. पाढे घोटतात, पलटे घोटतात. सगळी ओळ या शब्दावर उभी राहू शकते.

आता मसुदे. निदान वीस-पंचवीस लिहावेत, इथे पाचच दाखवतो.

"कलेतून शिस्त, शिस्तीतून यश." यात यशाचं आश्वासन आहे, जे तुमच्या हातात नाही. शिवाय कुठल्याही कराटे क्लासला चालेल. बाद.

"अभ्यासाइतकाच रियाजही महत्त्वाचा." हा वाद झाला. पालक मनात म्हणणार, "नाही, तितका नाही." बाद.

"पलटे घोटतो, तो पाढेही घोटतो." ऐकायला छान, पण हा दावा आहे. क्लासला आलेलं मूल पाढेही पाठ करेल याची हमी कोण देणार? शिवाय संगीत न शिकलेल्या पालकाला पलटे म्हणजे काय ते कळत नाही. तव्यावरचं उलथणंही डोळ्यासमोर येऊ शकतं.

"पाढे असोत की पलटे, घोटावेच लागतात." दावा गेला, पण "लागतात" मध्ये सक्ती ऐकू येते आणि नृत्य बाहेरच राहिलं. पलट्यांचा प्रश्न तसाच आहे.

"पाढा असो की ताल, घोटूनच पक्का." ताल हा शब्द नाच, गाणं आणि तबला तिघांनाही लागू आहे आणि सगळ्यांना कळतो. पाढा आधी आला, ताल नंतर. हा क्रम मुद्दाम आहे, कारण पालकाची काळजी पहिली मान्य केली की तो पुढचा शब्द ऐकतो. "पक्का" हा शब्द घराघरातला: "सातचा पाढा पक्का झाला का?" ओळ काहीही कबूल करून बसत नाही. गुणांचं नाव नाही, बुद्धीचं नाही. ती फक्त इतकं सांगते की इथेही घोटून घेतात. आणि ते खरं आहे.

पाटीवर किंवा पत्रकावर तिच्याखाली दोन छोट्या ओळींत माहिती: "कथक, गायन, तबला. वय 6 ते 14. आठवड्यातून 2 दिवस. शाळेच्या परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी." शेवटचं वाक्य वहीतल्या त्या 17 जणांसाठी आहे आणि ते पाळायचं कसं, ते प्रश्न 9 मध्ये आहे.

6. ओळ चांगली झाली की नाही, हे लावण्याआधी कळेल का?

कळेल, आणि खर्च काही नाही. तुमच्या क्लासशी संबंध नसलेले दहा पालक गाठा. शाळेच्या फाटकाबाहेर पाचला भेटतात. मोबाइलवर पाटीचा मजकूर पाच सेकंद दाखवा, मोबाइल खिशात घाला आणि तीन गोष्टी विचारा: काय लिहिलं होतं? तिथे काय शिकवत असतील? अभ्यासाबद्दल त्या क्लासवाल्यांचं मत काय असावं? "ओळ आवडली का?" हे विचारू नका, कारण तोंडावर कुणी नाही म्हणत नाही.

पहिल्या प्रश्नाला निदान सहा-सात जणांनी ओळ जवळपास तशीच सांगायला हवी. शब्द उलटसुलट झाले तर ओळ तोंडात बसत नाही असं समजा. दुसऱ्या प्रश्नात वरच्या उदाहरणाची खरी जोखीम उघडी पडते: "पाढा" वाचून काहींना तो गणिताचा किंवा ॲबॅकसचा क्लास वाटू शकतो. दहात तिघांनी तसं म्हटलं, तर दोष बहुधा नावात असतो. क्लासच्या नावात "नृत्य", "संगीत", "कथक" यातलं काहीच नसेल (नुसतं "स्वानंद" किंवा "आरोही" असं काही असेल), तर ही ओळ तिथे एकटी लावू नका. नावाला कलेचा शब्द जोडा किंवा बाजूला घुंगरांचं, तबल्याचं चित्र द्या.

तिसऱ्याला "अभ्यासाच्या विरोधात नाहीत वाटतं" इतकं उत्तर आलं तरी पुरे. आणि एकदा ओळ फोनवर आजीला वाचून दाखवा. मुलांना क्लासला आणणं-नेणं बऱ्याच घरांत तिच्याकडेच असतं. तिला दुसऱ्यांदा सांगावी लागली, तर एखादा जोडशब्द किंवा इंग्रजी शब्द अडतोय.

7. "संगीताने बुद्धी तल्लख होते, गणित सुधारतं" हे तर विज्ञानाने सिद्ध केलंय. तेच टॅगलाइनमध्ये लिहावं ना?

लिहू नका. ज्याला सगळे "मोझार्ट इफेक्ट" म्हणतात, तो 1993 साली "नेचर" मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगातून निघाला. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केला होता, लहान मुलांवर नव्हे. दहा मिनिटं मोझार्टचा एक सोनाटा ऐकल्यावर आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. संगीत शिकण्याचा त्यात संबंधच नव्हता.

शिकण्याबद्दलचा जास्त नेटका अभ्यास 2004 सालचा, टोरांटोतला. सहा वर्षांच्या 144 मुलांचे गट करून काहींना कीबोर्ड, काहींना गायन, काहींना नाटक शिकवलं आणि काहींना काहीच नाही. वर्षाअखेरीस सगळ्यांचाच बुद्ध्यांक वाढला, कारण सगळी शाळेत जाऊ लागली होती. संगीताच्या गटांत ती वाढ सरासरी साधारण 7 गुणांची होती, बाकीच्यांत 4 च्या थोडी वर. म्हणजे फरक आहे, पण छोटा. 2020 साली अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यात दिसलं की संगीताच्या मुलांची तुलना दुसरं काही शिकणाऱ्या मुलांशी नीट केली, की तो फरक जवळजवळ नाहीसा होतो.

चौकशीला येणाऱ्यांत एखादा वाचणारा पालक असतोच. त्याने "कुठल्या अभ्यासात?" विचारलं आणि तुम्ही गडबडलात, की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही त्याला खोट्या वाटतात. लयीतल्या गणिताचं सांगायचंच असेल तर चाचणी वर्गात दाखवा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्यायचा आणि मध्ये दोनदा एकेक मात्रा सोडायची: 5 + 1 + 5 + 1 + 5, झाल्या 17. पहिल्या मात्रेपासून निघालं की तिहाईचा शेवटचा ठोका सतराव्यावर, म्हणजे 16 मात्रांचं आवर्तन संपून बरोबर पुढच्या समेवर पडतो. पालकांना हातावर मोजायला सांगा. समेवर सगळ्यांचे हात एकदम पडले की ते हसतात. ते गणित त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं, त्यामुळे वेगळा दावा करायची गरज उरत नाही.

8. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात. यापेक्षा मोठं आमिष कुठलं?

गोष्ट खरी आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीत शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना वाढीव गुण देण्याची तरतूद आहे. पण ती टॅगलाइनमध्ये घालू नका. किती गुण आणि किती परीक्षांना, हे शासन निर्णयाने ठरतं आणि मधल्या काळात बदललेलंही आहे. पाटी रंगवली की पाच वर्षं तशीच राहते. सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांना ही तरतूद लागू नाही, आणि शहरात तुमच्या गिऱ्हाइकांत तीच बरीच असतात. शिवाय गुण आपोआप मिळत नाहीत. प्रमाणपत्रांसह प्रस्ताव शाळेमार्फत, ठरलेल्या मुदतीत मंडळाकडे जावा लागतो. मुदत चुकली की राग क्लासवर निघतो.

ही माहिती पत्रकाच्या मागे, गणित मांडून द्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, त्यापुढे विशारद. मुलाने चौथीत सुरुवात करून दरवर्षी एक परीक्षा दिली, तर आठवीत पाचवी परीक्षा, म्हणजे मध्यमा पूर्ण होते. नववी-दहावीला हात मोकळा. सातवीत सुरू केलं तर नववीपर्यंत तीनच होतात. "दहावीला सोडायचंच आहे, तर सुरू कशाला" म्हणणाऱ्या गठ्ठ्याला याहून सरळ उत्तर नाही. त्याखाली "सध्याचे नियम शाळेत विचारून घ्या" एवढं लिहायला विसरू नका.

आणि एक खबरदारी. क्लास "शासनमान्य" आहे असं लिहू नका. मान्यता परीक्षा घेणाऱ्या संस्थेला असते. तुम्ही रीतसर संलग्न नसाल तर "संलग्न" हा शब्दही वापरू नका, "परीक्षांची तयारी करून घेतली जाते" असं लिहा.

9. ओळ म्हणते अभ्यासाचा मान ठेवतो. क्लासमध्ये त्यासाठी काही बदलावं लागेल का?

बहुतेक वेळा हो, आणि ओळ सगळ्यात जास्त वेळा फसते ती इथेच. मसुदा लिहिण्याआधी वर्षाचं वेळापत्रक समोर घ्या. तुमच्या परिसरातल्या दोन-तीन शाळांच्या चाचण्या आणि सत्र परीक्षा त्यावर लाल पेनाने खुणा करून ठेवा, कारण राज्य मंडळ आणि सीबीएसईच्या तारखा जुळत नाहीत. त्या आठवड्यांत सुट्टी द्या किंवा निदान गैरहजेरी धरू नका. बुडालेला तास पुढे कधी भरून मिळणार, हेही आधीच लिहून ठेवा.

गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात: नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे. एप्रिल शाळेच्या वार्षिक परीक्षेवर येऊ शकतो. अभ्यासाची धास्ती असलेल्या पालकांच्या मुलांना दिवाळीनंतरच्या सत्रालाच बसवावं. तेव्हा पहिलं सत्र नुकतंच संपलेलं असतं.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र क्लासच्या स्वतःच्या वार्षिक कार्यक्रमाचा. आठवड्यातून दोन दिवस म्हणून घेतलेला क्लास कार्यक्रमाआधी तीन आठवडे रोजचा होतो, रात्री नऊपर्यंत तालीम, वर कपड्यांचे पैसे. तो जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत ठेवलात, तर पालकाची मूळ भीती तुम्हीच खरी करून दाखवता. कार्यक्रम मे महिन्यात किंवा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्या. जादा तालमी किती, हे प्रवेशाच्या वेळीच आकड्यात सांगा. हे करणं जमत नसेल, तर अभ्यासाचं नाव घेणारी टॅगलाइन लावू नका, दुसरा गठ्ठा निवडा.

10. पाटीवर अक्षरं केवढी हवीत? इन्स्टाग्रामवर बसेल का?

पाटीसाठी ढोबळ हिशेब: दर 10 फूट अंतराला 1 इंच उंचीचं अक्षर. रस्त्यापलीकडून, 40 फुटांवरून वाचायची असेल तर 4 इंच. देवनागरीत रंगारी कधी कधी वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजतो, त्यामुळे मूळ अक्षर लहान पडतं. "घोटूनच" मध्ये वर मात्रा आहे आणि खाली ऊकारही. म्हणून उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा, असं त्याला सांगा.

स्कूटरवरचा माणूस ताशी 30 किलोमीटरने सेकंदाला 8 मीटरच्या वर पुढे जातो. पाटी त्याच्या नजरेत तीन सेकंद राहिली तर नाव आणि पाच-सहा शब्द, यापलीकडे काही वाचून होत नाही. वरची ओळ सहा शब्दांची आहे, ती याच हिशेबाने.

इन्स्टाग्रामच्या बायोला 150 वर्णांची मर्यादा आहे. मराठीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात: "पक्का" दिसायला दोन अक्षरं, मोजणीत पाच. पूर्ण ओळ स्वल्पविराम, पूर्णविराम धरून 30 भरते, म्हणजे पत्ता आणि वेळेला भरपूर जागा उरते.

11. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाची मुलं येतात. ओळ इंग्रजीत हवी का?

पाटी मुलं वाचत नाहीत, पालक वाचतात, आणि इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांचे आईवडील बहुतेक पाढे मराठीतच शिकलेले आहेत. त्यांच्यासाठी मराठी ओळच ठेवा. गुजराती, हिंदी घरं जास्त असतील तर त्या भाषेत नवी ओळ लिहा, भाषांतर करू नका. "घोटणे" तसंच्या तसं दुसऱ्या भाषेत गेलं की भांग घोटल्यासारखं ऐकू येईल.

नावाच्या पाटीबद्दल एक नियम लक्षात ठेवा: महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीनंतर दुकानं-आस्थापनांच्या पाटीवर मराठी देवनागरीत असणं सक्तीचं आहे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

12. आम्ही बॉलिवूड, वेस्टर्न आणि कीबोर्ड शिकवतो. "घोटून पक्का" आम्हाला शोभेल का?

तुमच्या तासाला खरोखर घोटून घेत असाल तर शोभेल, नाहीतर नाही. दर तासाला नवीन गाण्याच्या चार स्टेप आणि महिन्याला एक रील, असा क्लास असेल तर पालकाला पहिल्याच दिवशी विसंगती दिसते. अशा क्लासने अभ्यासाच्या वाटेला न जाता शरीराची हालचाल किंवा मोबाइलपासून दूर असलेला तास, यावर ओळ बांधावी. उदाहरणार्थ: "एक तास. मोबाइल बाहेर, मुलं घामाघूम." यात कुठलाही दावा नाही, मात्र दारात मोबाइल ठेवायची टोपली हवी. वाढीव गुणांची माहिती (प्रश्न 8) चित्रपट-नृत्याला लागू होत नाही, तिचा उल्लेखही टाळा.

13. "मुलगा काय नाचणार?" म्हणणाऱ्यांसाठी टॅगलाइनमध्ये काही?

टॅगलाइनमध्ये नको. "मुलांसाठीही" असं लिहिलं की "एरवी मुलींसाठी" हे ध्वनित होतं. हे काम फोटोवर सोपवा: कथकच्या रांगेत मधोमध एक मुलगा, तबल्यावर एक मुलगी. फोटोतल्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी परवानगी घ्या.

14. "हमखास", "100 टक्के", "नंबर 1" असं लिहिलं तर कोण विचारतंय?

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना लागू आहे, आणि छोटा क्लास म्हणून सूट नाही. कोचिंग क्षेत्रातल्या जाहिरातींसाठी 2024 साली जी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांच्या व्याख्येतून नृत्य, नाट्य यांसारखे सर्जनशील उपक्रम वगळले आहेत. त्यावरून काहींनी आपल्याला सगळं माफ असा अर्थ काढला आहे. तसं नाही, मूळ कायदा उरतोच. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, हिच्या शिक्षणविषयक नियमांतही दाव्याला पुरावा लागतो आणि कमी गुणांच्या मुलाला अपयशी दाखवायला मनाई आहे. "क्लास लावला नाहीत तर मूल मागे पडेल" अशा धाटणीच्या ओळी त्यामुळेही नकोत.

15. शेजारच्या क्लासने आमची ओळ उचलली तर?

पाच-सहा शब्दांच्या ओळीला कॉपीराइट सहसा मिळत नाही. ट्रेडमार्क मिळू शकतो. शिक्षण आणि प्रशिक्षणासाठी वर्ग 41, अर्ज TM-A, वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन शुल्क 4,500 रुपये. नुसती वर्णन करणारी ओळ ("उत्तम नृत्य, मधुर संगीत") मात्र नाकारली जाण्याचीच शक्यता जास्त. नोंदणीआधी ™ लावता येतं. ® नोंदणी झाल्याशिवाय लावणं हा गुन्हा आहे.

खरं सांगायचं तर एका पेठेतल्या क्लासने हा खर्च करण्याआधी नाव नोंदवावं. ओळ नावाला चिकटून, नेहमी त्याच अक्षरांत आणि त्याच रंगात दिसली की दुसऱ्याने उचललेली ओळ लोकांना तुमचीच आठवण करून देते.

16. ओळ किती वर्षांनी बदलावी?

वर्षं मोजू नका, वही बघा. दर जूनमध्ये मागच्या वर्षाच्या वाक्यांचे गठ्ठे पुन्हा पाडा (प्रश्न 3). अभ्यासाचा गठ्ठा सगळ्यात मोठा असेल तोवर ओळ तशीच राहू द्या, तुम्हाला तिचा कितीही कंटाळा आला तरी. पाटी रोज बघणारे फक्त तुम्हीच असता. "वेळच नाही" हा गठ्ठा वर आला, तर नवी ओळ लिहिण्याआधी बॅचच्या वेळा तपासा. कदाचित साडेपाचची बॅच सहाला नेल्यावर तो गठ्ठा आपोआप लहान होईल आणि पाटी रंगवायचा खर्च वाचेल.